घरच्या पगाराचा हिशेब: उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीची वाढ भांडवल, श्रम आणि उत्पादकता यांत कशी वाटायची

बेळगावात उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत गेलं की फाउंड्रीवाले, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणारे, एकमेकांना एकच प्रश्न विचारतात, महिन्याला किती टन ढाळता? सात वर्षांत टन वाढले, उलाढाल वाढली, हे कुणीही सांगेल. पण ती वाढ नवीन भट्टी बसवल्यामुळे झाली, माणसं जास्त राबल्यामुळे झाली, की तीच माणसं आणि तीच यंत्रं आता जास्त नीट काम करतात म्हणून झाली, हे सांगायला वेगळा हिशेब मांडावा लागतो. अर्थशास्त्रात त्याला वृद्धी-लेखांकन म्हणतात. रॉबर्ट सोलो यांनी 1957 मध्ये अमेरिकेच्या 1909 ते 1949 या काळावर तो मांडला आणि दर श्रम-तासामागच्या उत्पादनवाढीचा साधारण सात अष्टमांश भाग भांडवलाने समजावता येत नाही, असं दाखवलं.

लहान कारखान्यांच्या हिशेबवह्या हे माझं रोजचं काम. हाच हिशेब दोन भावांच्या एका फाउंड्रीवर मांडताना मी पहिल्या वेळी चुकलो. ती चूक जवळपास प्रत्येक घरगुती उद्योगात होते, म्हणून तीच इथे सविस्तर दाखवतो. आकडे सोपे करून घेतले आहेत, मांडणी मात्र तीच आहे.

मूळ सूत्र एका ओळीचं आहे:

```
gY = sK*gK + sL*gL + gA
```

gY म्हणजे उत्पादनाची वाढ, gK भांडवलाची, gL श्रमाची. sK आणि sL म्हणजे उत्पन्नातून भांडवलाच्या आणि श्रमाच्या पदरात पडणारा वाटा. दोन्ही मिळून 1 होतात. gA हा उरलेला भाग, म्हणजे एकूण घटक उत्पादकता. gA कुठेही मोजला जात नाही, बाकीचं वजा करून तो उरतो. त्यामुळे इतर आकड्यांपैकी कशातही चूक झाली की ती गुपचूप gA मध्ये जाऊन बसते. मोझेस अब्रामोविट्झ यांनी 1956 मध्येच या उरलेल्या भागाला आपल्या अज्ञानाचं माप म्हटलं होतं.

उत्पादन: विक्री नव्हे, मूल्यवर्धन

2016-17 आणि 2023-24 ही दोन वर्षं मी घेतली. दोन्ही वर्षं चांगल्या चालू कामाची होती. यातलं एक वर्ष 2020-21 घेतलं असतं तर लॉकडाऊनमध्ये थंड पडलेली भट्टी हिशेबात आली असती आणि उत्पादकता घसरल्याचा खोटा निष्कर्ष निघाला असता. वर्ष निवडण्याआधी वीजबिलं शेजारी ठेवून पाहावीत. इंडक्शन भट्टी किती चालली हे युनिट लगेच सांगतात.

2016-17 मध्ये विक्री 300 लाख होती. पिग आयर्न, स्क्रॅप, वाळू, वीज, बाहेरचं मशीनिंग असा बाहेरून घेतलेला खर्च 200 लाख. म्हणजे मूल्यवर्धन 100 लाख. 2023-24 मध्ये विक्री 540 लाख, बाहेरचा खर्च 375 लाख, मूल्यवर्धन 165 लाख. 1 जुलै 2017 पासून जीएसटी आला, म्हणून आधीच्या वर्षाची बिलं उत्पादन शुल्काची आणि नंतरची जीएसटीची आहेत. दोन्हींतला कर बाजूला काढूनच विक्री धरायची.

आता भाववाढ काढायची. सरकारी घाऊक किंमत निर्देशांक वापरता येतो, पण कारखान्याच्या वह्या हाताशी असतील तर त्याहून चांगला उपाय आहे. दोन्ही वर्षांत एकाच पॅटर्नच्या कास्टिंगला किलोमागे काय दर मिळाला ते पाहायचं. या फाउंड्रीत विक्रीचा दर 20 टक्के वाढला होता आणि कच्चा माल व वीज मिळून 25 टक्के. म्हणून 540 ला 1.20 ने भागून 450, आणि 375 ला 1.25 ने भागून 300. स्थिर किमतीतलं मूल्यवर्धन 150 लाख. विक्री आणि खर्च असे वेगवेगळे भागायचा कंटाळा करून 165 लाच 1.20 ने भागलं असतं, तर 137.5 आलं असतं. कच्चा माल जास्त महागला याचा फटका मग उत्पादकतेच्या माथी बसला असता.

वाढ लॉगने काढावी, म्हणजे तुकड्यांची बेरीज अचूक जुळते:

```
=LN(150/100)     0.4055
=LN(61000/54000) 0.1219
=LN(280/200)     0.3365
```

पहिली ओळ उत्पादनाची, शंभराने गुणून 40.6 अंक. खालच्या दोन ओळी श्रमाच्या आणि भांडवलाच्या.

श्रम: माणसं नव्हे, तास

हजेरीपटावर 20 माणसं होती, नंतर 22 झाली. फक्त माणसं मोजली तर ओव्हरटाइम सुटतो. दर माणशी 2,400 तासांचे 2,500 तास झाले होते, म्हणून कामगारांचे 48,000 तासांवरून 55,000 तास झाले. त्यात दोघा भावांचे प्रत्येकी 3,000 तास मिळवायचे, कारण थोरले अण्णा स्वतः भट्टीवर उभे राहतात आणि धाकटे गिऱ्हाईक, बँक आणि मालाची गाडी बघतात. एकूण 54,000 चे 61,000 तास.

इथे फेटलिंगचा ठेकेदार लपलेला असतो. कास्टिंगची किनार घासून साफ करायचं काम किलोच्या दराने ठेक्यावर दिलं जातं, त्याची माणसं याच शेडमध्ये राबतात आणि त्याचं बिल वहीत जॉबवर्कच्या खात्यात पडतं. पहिल्या वेळी ते मी कच्च्या मालाबरोबर वजा करून टाकलं. परिणामी मूल्यवर्धनही कमी दिसलं आणि मजुरीही. ते बिल मजुरीकडे आणि ती माणसं तासांकडे आणायची. वर दिलेल्या 20 आणि 22 मध्ये ती धरलेली आहेत.

पॅटर्नमेकरचा तास आणि हेल्परचा तास सारखा नाही, हेही खरं. पगाराच्या प्रमाणात वेगवेगळ्या गटांच्या तासांना वजन देता येतं. मी इथे दिलेलं नाही, म्हणून माणसं कसबी झाल्याचा फायदा gA मध्ये जाईल.

भांडवल: आयकराचा घसारा विसरायचा

ताळेबंदातली यंत्रांची किंमत घेऊ नका. आयकरासाठी यंत्रसामग्रीवर सर्वसाधारणपणे 15 टक्के घसारा काढतात, घटत्या शिल्लकीवर. म्हणून सात-आठ वर्षांत वहीत भट्टीची किंमत तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली जाते, पण शेडमध्ये ती रोज पूर्वीसारखंच लोखंड वितळवत असते. उलट उद्यमबागेतल्या जागेचा भाव चढला म्हणून भांडवल वाढलं असं होत नाही, भट्ट्या आणि साचे तेवढेच राहतात.

त्यासाठी दरवर्षी स्वतः शिल्लक काढायची. यंत्राचं खरं आयुष्य बघून मी 8 टक्के झीज धरली. वर्षाच्या सुरुवातीला 200 लाख असेल तर 16 लाख झीज वजा, त्या वर्षी घेतलेल्या यंत्राची पायाभूत वर्षाच्या भावातली किंमत, समजा 30 लाख, मिळवायची. पुढच्या वर्षाची सुरुवात 214 लाखांनी होते. असं सात वेळा केल्यावर 200 चे 280 लाख झाले, त्यातला मोठा तुकडा नव्या इंडक्शन भट्टीचा. 8 ऐवजी 6 किंवा 10 धरून एकदा पुन्हा करून बघावं, म्हणजे निकाल किती हलतो ते कळतं.

वाटा: इथेच सगळं अडतं

वाटा म्हणजे मूल्यवर्धनातून श्रमाला किती गेलं. 2016-17 मध्ये मजुरी, पीएफ, बोनस, ठेकेदार मिळून 36 लाख, म्हणजे 100 पैकी 36 टक्के. 2023-24 मध्ये 66 लाख, म्हणजे 165 पैकी 40 टक्के. ही टक्केवारी चालू किमतींवरच काढायची, स्थिर किमतींवर नाही. दोन वर्षांची सरासरी 38 टक्के, उरलेले 62 टक्के भांडवलाचे. वहीप्रमाणे हिशेब इथे संपतो.

मी अण्णांना विचारलं, तुम्ही दोघं पगार किती घेता?

"पगार कशाचा घ्यायचा सर? घरचंच आहे की."

माझ्या चुकीचं मूळ याच उत्तरात होतं. दोघे मिळून वर्षाला 6,000 तास राबतात. ते तास मी श्रमात मोजले, पण त्यांचा मोबदला भांडवलाच्या नफ्यात पडून राहिला. वहीत भागीदारांचं मानधन लिहिलेलं असतं, पण ते आयकराने घातलेल्या मर्यादेत बसेल एवढं लिहितात. कामाची किंमत त्यातून कळत नाही.

म्हणून मी अण्णांना दुसरा प्रश्न विचारला. उद्या तुम्ही दोघं सहा महिने अंथरुणाला खिळलात, तर भट्टी आणि ऑफिस सांभाळायला उद्यमबागेत कुणाला आणि किती पगारावर ठेवाल? अण्णांनी क्षणभर विचार केला. 2016-17 मध्ये असा माणूस वर्षाला 5 लाखांत मिळाला असता, आता साधारण सव्वाआठ लाख द्यावे लागतील. दोघांचे मिळून तेव्हाचे 10 लाख आणि आताचे 16.5 लाख. दोन्ही वर्षी हे मूल्यवर्धनाच्या 10 टक्के येतात. श्रमाचा वाटा 46 आणि 50 टक्के झाला, सरासरी 48. भांडवलाचा 52.

कर्जाचं व्याज आणि शेडचं भाडं वजा करायचं नाही. भांडवल कुणाचंही असो, बँकेचं की आपलं, त्याचा मोबदला भांडवलाच्याच वाट्यात राहतो.

आता गुणाकार. श्रमाचं योगदान 0.48 गुणिले 12.2, म्हणजे 5.9 अंक. भांडवलाचं 0.52 गुणिले 33.65, म्हणजे 17.5 अंक. दोन्ही मिळून 23.4. एकूण 40.6 मधून ते गेले की 17.2 अंक उरतात. सात वर्षांनी भागलं तर दरवर्षी 5.8 टक्के वाढ, त्यात भांडवलाचे 2.5, श्रमाचे 0.8 आणि उत्पादकतेचे 2.5.

घरचा पगार न धरता 38 आणि 62 ने गुणलं असतं तर श्रमाचे 4.6, भांडवलाचे 20.9, उत्पादकतेला जेमतेम 15. भांडवल श्रमापेक्षा वेगाने वाढलं असेल तेव्हा ही चूक नेहमी एकाच बाजूला पडते: यंत्राला जास्त श्रेय, माणसाच्या सुधारणेला कमी. अण्णांना बँकेकडे आणखी एका भट्टीसाठी जायचं होतं, आणि माझा पहिला तक्ता वाढीत निम्म्याहून जास्त श्रेय यंत्रांना देत होता. दुसऱ्या तक्त्यात ते त्रेचाळीस टक्क्यांवर आलं. भट्टी घ्यायची की नाही हे त्यावर ठरत नाही, पण आधीच्या भट्टीने काय दिलं हे तरी खरं कळलं पाहिजे.

पुस्तकातला एक तृतीयांश भांडवल आणि दोन तृतीयांश श्रम हा ठोकताळा इथे लावू नये. तो अमेरिकेसारख्या पगारदारांच्या देशातून आलेला आहे. तो लावला तर याच फाउंड्रीत भांडवलाचे 11.2, श्रमाचे 8.1 आणि उत्पादकतेचे 21 अंक येतात. कारखाना तोच, फक्त वाटा बदलला की उत्पादकता 15 ते 21 कुठेही दाखवता येते. म्हणून अंतिम तक्त्यात एक आकडा लिहिण्यापेक्षा दोन-तीन वाटे धरून आलेला पल्ला लिहावा.

उरलेल्याची चौकशी

17 अंक उत्पादकता, म्हणजे नेमकं काय? शेडमध्ये पुरावा मिळतो का ते पाहायचं. या फाउंड्रीत रिजेक्शनची वही होती. ब्लोहोल, वाळू शिरलेली, साचा सरकलेला, असे रकाने पाडलेली, तेलकट बोटांच्या ठशांची. आधी शंभर कास्टिंगमागे 8 परत भट्टीत जात होती, नंतर 5. कारण अण्णा सांगतात ते साधं आहे: वाळूतला ओलावा रोज सकाळी मोजायला सुरुवात केली आणि पावसाळ्यात वाळू उघड्यावर ठेवणं बंद केलं.

शंभरातली चांगली नगसंख्या 92 वरून 95 झाली, म्हणजे लॉगने 3.2 अंक. 17 च्या मानाने हे क्षुल्लक वाटतं. पण ही वाढ विक्रीवर मोजलेली आहे आणि आपला gA मूल्यवर्धनावर. विक्री मूल्यवर्धनाच्या तिप्पट आहे, म्हणून तेवढ्याच सुधारणेने मूल्यवर्धन सुमारे साडेनऊ अंकांनी वाढतं. रिजेक्ट माल पुन्हा वितळतो, लोखंड पूर्ण वाया जात नाही, म्हणून खरा परिणाम याहून थोडा कमी धरावा. तरी निम्म्याच्या आसपास उत्पादकता एका वाळूच्या ओलाव्याशी जोडता आली. उरलेल्यात कसब, कामाची सलगता आणि माझ्या मोजमापातल्या चुका आहेत.

हा तिपटीचा गुणक लक्षात ठेवला नाही तर फाउंड्रीची तुलना मशीनशॉपशी करताना फसगत होते. ढलाईत कच्च्या मालाचा हिस्सा मोठा, म्हणून तिथे छोटी सुधारणाही मूल्यवर्धनात मोठी दिसते. जॉबवर्कवर चालणाऱ्या मशीनशॉपला माल गिऱ्हाईकाचा असतो, तिथे तशी फुगत नाही.

एका शेडमधून पूर्ण पट्ट्यात जाताना

बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी असा पूर्ण पट्टा घ्यायचा तर वह्या मिळत नाहीत, सरकारी आकडे घ्यावे लागतात. वार्षिक उद्योग पाहणीत मूल्यवर्धन, स्थिर भांडवल आणि कामगारांचा एकूण मोबदला मिळतो. पण 2023-24 पर्यंत तिचा मुख्य आधार 1948 च्या कारखाना कायद्याखाली नोंदलेले कारखाने हा होता, म्हणजे सर्वसाधारणपणे वीज असेल तर 10 आणि नसेल तर 20 कामगारांपासून पुढचे. चिकोडीकडचे साखर कारखाने तिच्यात येतात, निपाणीत घरी बसून विड्या वळणाऱ्या बायका येत नाहीत. रिझर्व्ह बँक प्रसिद्ध करते त्या इंडिया केएलईएमएस आकडेवारीत 27 उद्योगांचे वाटे मिळतात, पण ते सगळ्या देशाचे.

सीमाभागात आणखी एक अडचण आहे. चंदगड तालुका कोल्हापूर जिल्ह्यात, म्हणजे महाराष्ट्रात. पण तिकडची माणसं बेळगावात कामाला येतात. उत्पादन जिथे काम होतं त्या जिल्ह्यात मोजलं जातं, तर घरोघरच्या पाहण्या माणूस जिथे राहतो तिथे त्याला मोजतात. बेळगावचं उत्पादन आणि बेळगावात राहणाऱ्या कामगारांचे तास एकत्र जोडले तर चंदगडहून येणाऱ्यांचे तास गळतात. येणाऱ्यांची संख्या वर्षागणिक वाढत असेल तर ती वाढ उत्पादकता म्हणून दिसेल. म्हणून तास कामाच्या जागेवरचे, म्हणजे हजेरीपटाचे घ्यावेत. ते नसतील तर निदान बेळगाव आणि चंदगड एकत्र धरून हिशेब करावा.

आणि शहापूर-वडगावातले यंत्रमाग. चार माग असलेलं घर घ्या. नवरा माग चालवतो, बायको कांड्या भरते, कुणालाही पगार नाही. समजा वर्षाचं मूल्यवर्धन 4 लाख. फाउंड्रीसारखा बाजारभावाने पगार लावला, त्याला 3.2 आणि तिला 1.2 लाख, तर बेरीज 4.4 लाख होते. भांडवलाचा वाटा उणे दहा टक्के. वाटा उणे आला तर गुणाकारात घालण्याआधी थांबायचं. इथे मागाचा मोबदलाही तसाच अंदाजाने काढायचा: 3 लाखांच्या मागांवर 10 टक्के परतावा आणि 8 टक्के झीज, म्हणजे 54 हजार. दोघांची मागणी मिळून 4.94 लाख, हातात 4 लाख. मग जे आहे ते त्याच प्रमाणात वाटायचं: श्रमाला 89 टक्के, भांडवलाला 11 टक्के. बायकोच्या कांड्यांचे तास आणि दर दोन्ही न विसरता धरायचे, कारण तिचं काम वगळलं तर श्रमाचा वाटा 80 टक्क्यांवर येतो आणि उरलेले 20 टक्के मागाच्या नावावर जमा होतात.